कंपनीचं ऑइल, बाहेरचं ऑइल आणि डब्याची मागची बाजू

गाडीचं ऑइल बदलायची वेळ आली की दुकानदार किंवा मेकॅनिक विचारतो, "कंपनीचं टाकू की बाहेरचं?" आपण त्या घटकेला किमतीकडे किंवा डब्यावरच्या चित्राकडे बघून उत्तर देतो. पण हा प्रश्नच एका समजुतीवर उभा आहे. गाडी बनवणारी कंपनी स्वतःच्या गाडीसाठी स्वतःच तेल बनवते, आणि बाकीचे ब्रँड त्याला पर्याय म्हणून बाजारात येतात, अशी ती समजूत. तिथूनच बघायला सुरुवात केली, तर पुढचे बरेच गोंधळ आपोआप सुटतात.

इंजिन ऑइल दोन गोष्टींपासून बनतं. एक बेस ऑइल, म्हणजे मूळ तेल. ते रिफायनरीतून येतं आणि डब्यातल्या मालाचा साधारण ७५ ते ९० टक्के भाग तेच असतं. दुसरी गोष्ट म्हणजे अॅडिटिव्ह, म्हणजे त्यात मिसळलेली रसायनं. झीज रोखणारी, काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, फेस येऊ न देणारी अशी वेगवेगळी रसायनं त्यात असतात, आणि ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगभरात मोजक्याच आहेत. हे दोन्ही एकत्र मिसळण्याच्या कामाला ब्लेंडिंग म्हणतात. या धंद्याचा मोठा पसारा मुंबईच्या आजूबाजूलाच आहे. माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियमच्या रिफायनरीत बेस ऑइल तयार होतं, वडाळ्याला भारत पेट्रोलियमचा ब्लेंडिंग प्लांट आहे, पाताळगंगेला कॅस्ट्रॉलचा आणि तळोज्याला शेलचा आहे. तुर्भ्याला लुब्रिझॉल ही अॅडिटिव्ह बनवणारी कंपनी आहे. या यादीत मोटारसायकल किंवा कार बनवणारी एकही कंपनी नाही. वाहन कंपनी इंजिन तयार करते, त्या इंजिनाला कसलं तेल लागेल ते ठरवते, आणि त्या मापाचं तेल एखाद्या तेल कंपनीकडून बनवून घेऊन त्यावर आपलं नाव छापते.

याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. पाकीटबंद मालावर उत्पादकाचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव आणि पत्ता छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा वाहन कंपनीच्या नावाचा डबा हातात घ्या आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. 'यांच्यासाठी उत्पादित' अशा अर्थाचा मजकूर असेल आणि उत्पादक म्हणून एखाद्या ओळखीच्या तेल कंपनीचं नाव असेल. तीच तेल कंपनी शेजारच्या फळीवर स्वतःच्या नावाने दुसरा डबा विकत असते.

यावरून दोन्ही डब्यांत एकच तेल असतं, असा निष्कर्ष काढणं मात्र चूक ठरेल. एकाच कारखान्यात वेगवेगळ्या कृतींची तेलं भरली जातात, आणि वाहन कंपनीने आपल्या तेलासाठी वेगळी कृती मागितलेली असू शकते. खरा अर्थ एवढाच की 'कंपनीचं' या शब्दात तेलाचा कोणताही खास गुण बांधलेला नाही. गुण बांधलेला आहे स्पेसिफिकेशनमध्ये. ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं आणि डब्याच्या मागेही छापलेलं असतं. दोन्ही जुळतात का, हे बघणं हे गिऱ्हाइकाचं पहिलं काम.

उदाहरण घेऊ आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणाऱ्या वाहनाचं, १०० ते १२५ सीसीच्या मोटारसायकलचं. दूधवाल्यापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत आणि शेतावर जाणाऱ्यापासून पार्सल पोचवणाऱ्यापर्यंत सगळे याच गाडीवर असतात. तिच्या मॅन्युअलमध्ये ऑइलच्या जागी साधारणपणे तीन गोष्टी असतात: एसएई १०डब्ल्यू-३०, एपीआय एसएल किंवा त्यावरची श्रेणी, आणि जासो एमए किंवा एमए-२. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात, म्हणून मॅन्युअल उघडणं आलंच. इथे हेच तीन धरून चालू.

पहिला आकडा जाडीचा. १०डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू हा विंटरचा, म्हणजे थंडीचा. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात तेल किती मोकळं राहतं ते सांगतो, आणि नंतरचा आकडा गरम झाल्यावर किती जाड राहतं ते. थंडीच्या कसोट्या शून्याखाली बऱ्याच खोल घेतल्या जातात. निफाडला पारा कितीही उतरला तरी आपण त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही. आपल्यासाठी महत्त्वाचा आहे तो मागचा आकडा. १०० अंश सेल्सिअसला तेलाची जाडी सेंटिस्टोक या एककात मोजतात. ती ९.३ ते १२.५ च्या आत असली तर तेल ३० ग्रेडचं, आणि १२.५ ते १६.३ च्या आत असली तर ४० ग्रेडचं. म्हणजे ४० ग्रेडचं तेल गरम इंजिनात ३० पेक्षा स्पष्टपणे जाड असतं.

आणि इथेच मेकॅनिकचा सर्वांत जुना सल्ला येतो. "दादा, उन्हाळा आहे, २०डब्ल्यू-४० टाका, जाड ऑइल इंजिनाला सांभाळतं." हा सल्ला तो मनापासून देतो आणि एके काळी तो बऱ्याच इंजिनांना लागूही होता. पण आजच्या लहान इंजिनात बेअरिंगमधली फट, ऑइल पंपाची ताकद आणि वर कॅमशाफ्टपर्यंत तेल नेणाऱ्या बारीक वाटा हे सगळं ३० ग्रेड धरून आखलेलं असतं. तेल जाड टाकलं की सकाळी गाडी सुरू केल्यावर ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि झीज जास्त होते ती याच पहिल्या काही क्षणांत. शिवाय जाड तेल ढवळण्यात इंजिनाची थोडी ताकद सतत खर्च होत राहते. एअर-कूल्ड इंजिन भर उन्हात ट्रॅफिकमध्ये जास्त तापतं हे खरं आहे. म्हणूनच काही कंपन्या मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार ग्रेडचा तक्ता देतात. त्या तक्त्यात ४० असेल तर खुशाल टाका. इंजिन जुनं होऊन ऑइल पीत असेल, तर काही दिवस जाड तेलावर काढणं समजण्यासारखं आहे. पण नव्या, धडधाकट गाडीत मॅन्युअलमध्ये नसलेला ग्रेड टाकायला काही कारण नाही, मग तो डबा कुणाच्याही नावाचा असो.

दुसरी गोष्ट एपीआयची श्रेणी. ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची कसोटी. पेट्रोल इंजिनाच्या श्रेणीची सुरुवात एस अक्षराने होते आणि पुढचं अक्षर जितकं पुढचं, तितकी श्रेणी नवी. एसएल २००१ सालची, एसएन २०१० ची, एसपी २०२० ची. मॅन्युअलमध्ये एसएल मागितलं असेल तर एसएन चालतं. उलट मात्र चालत नाही. खेडोपाडी अजूनही एसएफ किंवा एसजी लिहिलेले स्वस्त डबे मिळतात. त्या श्रेणी खुद्द एपीआयने कालबाह्य ठरवल्या आहेत.

मोटारसायकलसाठी खरी महत्त्वाची आहे ती तिसरी गोष्ट, आणि लोकांना सर्वांत कमी माहीत असते तीच. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच तेल असतं. क्लचच्या प्लेटा त्या तेलातच बुडालेल्या असतात. गिअरच्या दातांना तेल निसरडं हवं असतं आणि क्लचच्या प्लेटांनी मात्र एकमेकींना घट्ट धरायला हवं असतं. कारच्या इंजिनाला ही अडचण नसते, कारण तिचा क्लच तेलाबाहेर असतो. म्हणून कारची आधुनिक तेलं मायलेज वाढावं यासाठी मुद्दाम जास्त निसरडी केलेली असतात. तेच तेल मोटारसायकलमध्ये टाकलं तर प्लेटा घसरायला लागतात. या अडचणीसाठी जपानच्या जासो या संस्थेने १९९८ साली चारचाकीपासून वेगळं असं दुचाकीचं प्रमाण तयार केलं. त्यात प्लेटांची पकड मोजली जाते. पुरेशी पकड ठेवणारं तेल एमए, त्यातही वरचढ पकडीचं एमए-२, आणि निसरडं तेल एमबी. शिवाय झीज रोखणाऱ्या फॉस्फरसचं प्रमाण ०.०८ ते ०.१२ टक्के हवं अशी अट त्यात आहे. कारसाठीच्या इंधन वाचवणाऱ्या तेलांवर उलट वरची मर्यादाच ०.०८ टक्क्यांची आहे, कारण जास्त फॉस्फरस सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो. एकाची हद्द संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते. कार आणि मोटारसायकलची तेलं वेगळी का, हे या एका आकड्यावरून कळतं.

एमबी तेल वाईट नाही. ते स्कूटरसाठी आहे. स्कूटरचा क्लच कोरडा असतो आणि गिअरऐवजी बेल्ट असतो, त्यामुळे इंजिनात निसरडं तेल टाकून थोडं मायलेज कमावता येतं. आता गंमत अशी की एकच वाहन कंपनी मोटारसायकलसाठी एमए आणि स्कूटरसाठी एमबी अशी दोन्ही तेलं स्वतःच्याच नावाने विकते. डबे दिसायला सारखे, ग्रेड दोन्हीवर १०डब्ल्यू-३०, आणि दोन्ही अस्सल कंपनीचेच. घरात स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असली आणि एकच डबा आणून दोन्हींत टाकला, तर कंपनीचंच ऑइल टाकूनही मोटारसायकलचा क्लच बिघडू शकतो. म्हणून माझं ठाम मत आहे की नावापेक्षा ही एमए-एमबीची दोन अक्षरं जास्त मोलाची आहेत. स्कूटरमध्ये चुकून एमए गेलं तर फारसं बिघडत नाही, मायलेज किंचित कमी होतं इतकंच. उलटी चूक मात्र महागात पडते.

क्लच घसरतोय हे ओळखायचं कसं? वरच्या गिअरमध्ये चढावर एक्सलेटर पिळला की इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग त्या मानाने वाढत नाही. पिकअप गेल्यासारखा वाटतो, आणि घाट चढून थांबल्यावर जळका वास येतो. आधी क्लचची केबल जास्त ताणलेली नाही ना, हे बघून घ्यावं, कारण तेवढ्यानेही हेच होतं. केबल ठीक असेल आणि हा त्रास ऑइल बदलल्यानंतरच सुरू झाला असेल, तर ते तेल काढून योग्य तेल भरावं, थोडे दिवस गाडी चालवून पुन्हा एकदा बदलावं. प्लेटा जळून गुळगुळीत झाल्या नसतील तर पकड बहुधा परत येते. झाल्या असतील तर नवा संच आणि मजुरी, म्हणजे वर्षभराच्या ऑइलच्या कित्येक पट खर्च.

आता दुकानाच्या काउंटरवर चार डबे मांडू आणि हिशोब करू. किमती शहरागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून खालचे आकडे समजायला सोपे म्हणून धरलेले आहेत. तुमच्या दुकानातले एमआरपी त्या जागी घालून हाच हिशोब पुन्हा करता येतो. पहिला डबा वाहन कंपनीचा, १०डब्ल्यू-३०, एसएल, एमए-२, ९०० मिलि, ३८० रुपये. दुसरा बाहेरच्या नावाजलेल्या तेल कंपनीचा, अगदी तेच तीन आकडे, १ लिटर, ४०० रुपये. तिसरा बाहेरचाच, २०डब्ल्यू-४०, एसएल, एमए-२, १ लिटर, ३४० रुपये. चौथा बाहेरचा, फुल्ली सिंथेटिक, १०डब्ल्यू-३०, एसएन, एमए-२, १ लिटर, ७०० रुपये.

डब्यावरची किंमत बघितली तर कंपनीचा डबा दुसऱ्यापेक्षा स्वस्त दिसतो. पण तो ९०० मिलिचा आहे. लिटरमागे बघितलं तर कंपनीचं तेल ४२२ रुपयांना पडतं आणि बाहेरचं ४०० ला. समजा गाडीला एका वेळी ८०० मिलि लागतं आणि वर्षात १०,००० किलोमीटर होतात. मॅन्युअलप्रमाणे दर ५,००० ला ऑइल बदललं तर वर्षाला १.६ लिटर तेल जाईल. कंपनीचं ६७६ रुपयांचं, बाहेरचं तेच तेल ६४० रुपयांचं. फरक वर्षाला ३६ रुपयांचा, आणि तोही डब्यात उरलेलं तेल टॉपअपला खरोखर वापरलं तरच. उघडा डबा माळ्यावर पडून राहिला तर ९०० मिलिचाच डबा स्वस्त ठरेल. म्हणजे तिन्ही आकडे तंतोतंत जुळत असतील तर कंपनीचं की बाहेरचं या प्रश्नाला किमतीच्या दृष्टीने फारसा अर्थ उरत नाही. जवळच्या दुकानात जो डबा खात्रीचा मिळतो तो घ्यावा.

तिसरा डबा मोहात पाडतो. तो वर्षाला ५४४ रुपयांत पडतो, म्हणजे दुसऱ्यापेक्षा ९६ रुपये वाचतात. पण गाडी लिटरला ५५ किलोमीटर देत असेल तर वर्षाला सुमारे १८२ लिटर पेट्रोल जळतं. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं तर तो खर्च जवळजवळ १९,१०० रुपये होतो. जाड तेलामुळे मायलेज फक्त अर्धा टक्का घसरलं तरी ९५ रुपये गेले आणि सगळी बचत तिथेच जिरली. अर्ध्या टक्क्याचा फरक आपल्या लक्षातही येत नाही, त्यामुळे वाचवलेले पैसे दिसतात आणि गेलेले दिसत नाहीत.

चौथ्या डब्याचं गणित उलट्या बाजूने तसंच आहे. वर्षाला १,१२० रुपये, म्हणजे दुसऱ्यापेक्षा ४८० रुपये जास्त. त्याने मायलेज एक टक्का वाढलं असं धरलं, तरी १९१ रुपयेच परत येतात. सिंथेटिक तेल जास्त तापमानाला टिकतं, लवकर घट्ट होत नाही, हे खरं आहे. त्याचा फायदा घ्यायचा तर ऑइल बदलण्याचं अंतर वाढवावं लागेल, आणि वॉरंटी चालू असताना मॅन्युअलमधलं अंतर ओलांडणं परवडत नाही. रोज लांबचा पल्ला, सतत घाट, किंवा दिवसभर पार्सल पोचवत ट्रॅफिकमध्ये तापणारी गाडी असेल तर मी या तेलाच्या बाजूने बोलेन. आठवड्यातून चार वेळा बाजारात जाणाऱ्या गाडीसाठी मात्र तो पैसा वाया जातो. आणखी एक गोष्ट: 'सिंथेटिक' हा शब्द आता उत्तम प्रक्रियेने शुद्ध केलेल्या खनिज तेलालाही लावला जातो, आणि 'सेमी-सिंथेटिक' मध्ये सिंथेटिक किती, याचा आकडा डब्यावर नसतो. तेव्हा या शब्दांसाठी पैसे मोजण्याआधी मागची बाजू वाचावी.

तीन आकडे जुळले तरी दोन तेलं सगळ्याच बाबतीत सारखी नसतात, कारण स्पेसिफिकेशन म्हणजे किमान पात्रता. परीक्षेत पस्तीस गुण मिळवणारा आणि नव्वद मिळवणारा, दोघेही उत्तीर्णच. फरक बघायचा असेल तर तेल कंपनीच्या वेबसाइटवर त्या उत्पादनाचं माहितीपत्रक असतं, ते बघावं. त्यात १०० अंशाची जाडी दिलेली असते. मोटारसायकलच्या गिअरचे दात तेलाला अक्षरशः चिरडत असतात आणि काही महिन्यांत ते पातळ होत जातं. १०डब्ल्यू-३० चं एक तेल ९.६ वर सुरू होत असेल आणि दुसरं ११ वर, तर पहिलं लवकर ३० च्या खाली घसरण्याची शक्यता जास्त. याच कारणाने जासोच्या प्रमाणात चिरडून घेतल्यानंतरच्या जाडीचीही कसोटी आहे. या एका बाबतीत बाहेरच्या मोठ्या ब्रँडची बाजू मला उजवी वाटते. त्यांचं माहितीपत्रक बहुधा सहज सापडतं. वाहन कंपनीच्या नावाच्या तेलाचं पत्रक शोधून काढायला बरेचदा जास्त खटपट करावी लागते.

डब्यावरचा दावा खरा कशावरून, हाही प्रश्न आहेच. जासोची पद्धत अशी आहे की तेल कंपनी आपलं उत्पादन त्यांच्याकडे नोंदवते आणि मग डब्यावर एक चौकोनी खूण छापते. त्या चौकोनात वर नोंदणीचा कोड असतो, मध्ये मोठ्या अक्षरात एमए-२ असतं, आणि खाली कंपनी या गुणवत्तेची हमी देते असं वाक्य असतं. कोड असलेला चौकोन दिसला तर दावा कुणीतरी जबाबदारीने नोंदवला आहे. नुसतं 'जासो एमए-२ च्या गरजा पूर्ण करते' असं ओळीत लिहिलं असेल तर भिस्त फक्त छापणाऱ्याच्या शब्दावर. एपीआयचंही तसंच आहे. त्यांच्याकडून परवाना घेतलेल्या तेलावर गोल खूण असते आणि परवाना घेतलेली तेलं त्यांच्या वेबसाइटवर शोधता येतात. त्या गोलाच्या खालच्या अर्धवर्तुळात इंधन वाचवणाऱ्या तेलासाठीचा शेरा असेल, तर तो डबा कारचा समजावा आणि मोटारसायकलपासून लांब ठेवावा.

इथवर मी बाहेरच्या तेलाच्या बाजूने बोलतोय असं वाटेल. पण काही गाड्यांत वाहन कंपनीच्या डब्याला वजन येतं. बीएस-६ च्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साध्या तेलात जळल्यावर राख उरवणारे घटक जास्त असतात. ती राख त्या फिल्टरमध्ये साठते आणि काजळीसारखी जाळून काढता येत नाही. म्हणून तिथे कमी राखेचं, एसीईएच्या सी वर्गातलं तेल लागतं. काही हजार रुपये वाचवण्यासाठी जुन्या डिझेलचं तेल भरलं तर बिघाड लगेच दिसत नाही. दिसतो तेव्हा फिल्टर बदलायची वेळ आलेली असते, आणि तो फार महाग असतो. युरोपीय गाड्यांत याहून पुढचं आहे. तिथे वाहन कंपनी स्वतःच तेलं तपासून मान्यता देते, जसं मर्सिडीजचं एमबी २२९.५१ किंवा फोक्सवॅगनचं ५०४ ००. अशा वेळी डब्यावरचे शब्द नीट वाचायचे. 'मान्यता मिळालेलं' याचा अर्थ त्या कंपनीने तेल तपासून पास केलं. 'गरजा पूर्ण करतं' किंवा 'या गाड्यांसाठी सुचवलेलं' हे तेल विकणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं. बाहेरच्या डब्यावर खरी मान्यता छापलेली असेल तर तो कंपनीच्या डब्याच्या तोडीचा आहे, आणि कारला एका वेळी तीन-चार लिटर किंवा जास्त तेल लागत असल्याने तिथे किमतीतला फरकही खिशाला जाणवतो. मान्यता नसेल आणि शोधत बसायला वेळ नसेल, तर कंपनीचंच घ्यावं. तिथे त्या नावाला मोजलेला पैसा वाया जात नाही.

वॉरंटीची भीती हा या सगळ्यातला शेवटचा धागा. "बाहेरचं ऑइल टाकलं की वॉरंटी गेली" हे वाक्य सर्व्हिस सेंटरमध्ये सर्रास ऐकू येतं. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड लावला होता. प्रकरण होतं सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना न देण्याचं. बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असंही त्या आदेशात म्हटलं होतं. त्याविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या. आदेश ऑइलबद्दल नव्हता आणि दुचाकींबद्दलही नव्हता, पण त्यामागचा विचार ग्राहकाने लक्षात ठेवावा असा आहे. बिघाड त्या कामामुळे किंवा त्या मालामुळे झाला का, हा खरा प्रश्न आहे. व्यवहारात मात्र सल्ला सोपा ठेवतो. वॉरंटीच्या काळात मोफत सर्व्हिसमध्येही ऑइलचे पैसे आपल्यालाच द्यावे लागतात आणि तिथे कंपनीचंच ऑइल भरलं जातं. दुचाकीत तो फरक वर्षाला जेमतेम पन्नास रुपयांचा असेल, तर त्यासाठी भांडण ओढवून घेण्यात हशील नाही. वॉरंटी संपल्यावर मोकळेपणाने निवडावं. आधीच निवडायचं असेल तर बिल, डब्याच्या मागच्या बाजूचा आणि बॅच नंबरचा फोटो, आणि किती किलोमीटरला बदललं याची नोंद जपून ठेवावी.

सर्व्हिस सेंटरच्या बिलात आणखी एक जागा बघण्यासारखी आहे. अनेक ठिकाणी ऑइल बंद डब्यातून न भरता मोठ्या पिंपातून पंपाने भरतात. त्यात गैर काही नाही, पण बिलावर ऑइल किती मिलि आणि कोणत्या ग्रेडचं लावलंय ते बघावं. मॅन्युअलमध्ये ८०० मिलि असेल आणि बिलात १ लिटर असेल, तर सरळ विचारावं. गाडी ताब्यात घेताना ती सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करून डिपस्टिक बघावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. वरच्या खुणेच्याही वर असेल तर जादा तेल काढून घ्यायला लावावं. कमी तेलाइतकंच जास्त तेलही त्रास देतं. ते ढवळून फेसाळतं आणि इंजिन जड चालतं.

आणि शेवटी नकली माल. तो सर्व नावांचा असतो, कंपनीच्या डब्यांचाही. किंबहुना ज्या डब्याला मागणी जास्त, त्याची नक्कल जास्त. रिकामे डबे भंगारात जातात, ते गोळा करून गाळलेलं जुनं तेल किंवा नुसतं बेस ऑइल भरून पुन्हा विकले जातात. म्हणून डबा उघडताना झाकणाखालची पातळ चकती अखंड आणि घट्ट चिकटलेली आहे ना, बॅच नंबर आणि उत्पादनाचा महिना स्पष्ट छापलेला आहे ना, क्यूआर कोड असेल तर तो कंपनीच्या पानावर उघडतो ना, हे बघावं. बाजारभावापेक्षा खूप स्वस्त मिळणाऱ्या डब्याला हात लावू नये. पेट्रोल पंपावर त्या त्या तेल कंपनीचे डबे मिळतात आणि तिथे बिलही मिळतं. गावाकडे अनेकदा तीच सर्वांत खात्रीची जागा असते. ऑइल बदलून झाल्यावर मेकॅनिकसमोरच रिकाम्या डब्याला स्क्रू ड्रायव्हरने दोन भोकं पाडावीत आणि त्यावरचं लेबल फाडून टाकावं. काढलेलं काळं ऑइल गटारात किंवा शेताच्या बांधावर न ओतता, ते जमा करून पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावं.